सात नंबरचा फोटो

भांडणं पुष्कळ प्रकारची असतात. धुऱ्यावरून होतात, पाटाच्या पाण्यावरून होतात, लग्नात मामाजींना फेटा बांधायचा राहिला म्हणून होतात. ही सगळी मी पाहिलेली आहेत आणि दोन-तीनदा केलेलीही आहेत. पण सगळ्यांचे चेहरे हसरे असलेल्या एका फोटोवरून सतरा माणसांच्या कुटुंबात तीन दिवस अबोला धरला जातो, हे मी गेल्या दिवाळीनंतर प्रथमच पाहिलं. त्या भांडणात मी अल्पमतात होतो. अल्पमतातल्या माणसाला लेख लिहिण्यावाचून दुसरा मार्ग नसतो, म्हणून हा खटाटोप.

आमचं गाव आमगाव तालुक्यातलं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा मंडई, रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांची दाटी. पुण्या-नागपूरला गेलेली पोरं एरवी आजाऱ्याला पाहायलासुद्धा येत नाहीत, पण मंडईला येतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून उभा असतो, त्यामुळे घरच्या माणसांनाही चार घटका फुरसत असते. तर अशा त्या दिवशी आमचं सगळं खटलं एकत्र जमलेलं पाहून दादांनी जाहीर केलं, "आज सगळ्यांचा एक फोटो काढू आन् फ्रेम करून बैठकीत लावू."

आंगणात पाठीमागे आठ जण उभे राहिले, पुढे खुर्च्यांवर पाच, आणि खाली सतरंजीवर चार पोरं. मधल्या खुर्चीवर मोठी आई. मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची बायको, दादांची माय. वय चौऱ्याऐंशी. घरातलं कोणी फोटोबाहेर राहू नये म्हणून शेजारच्या पोराच्या हाती मोबाइल दिला. पोरानं नऊ फोटो काढले. इथवर सगळं आनंदात होतं. भांडण सुरू झालं ते "यातला कोणता?" या प्रश्नापासून.

आता तुम्ही म्हणाल, नऊ फोटो सारखेच, एक उचलायचा अन् द्यायचा छापायला. वाचकहो, हाच तर घोटाळा आहे. नऊ फोटो सारखे दिसतात ते तुम्ही त्यात नसता तेव्हा. तुम्ही त्यात असलात की ते नऊ वेगळे फोटो असतात, आणि त्यांतल्या आठांत तुम्ही बावळट दिसता.

मी पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. परीक्षेचे पेपर तपासायचे तर तक्ता हवाच. रेघोट्यांच्या कागदावर उभे सतरा माणसं, आडवे नऊ फोटो, असे एकशे त्रेपन्न चौकोन आखले आणि पुतण्याच्या लॅपटॉपवर एकेक चेहरा मोठा करून तपासायला बसलो. डोळे उघडे तर बरोबरची खूण, मिटले तर फुली.

फुल्या किती येणार, याचं गणित आधीच होऊन गेलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स अशी दोन माणसं होती. घोळक्याच्या फोटोत कोणाचेच डोळे मिटलेले नकोत तर किती फोटो काढावेत, हे त्यांनी मांडून दाखवलं. त्याबद्दल त्यांना २००६ साली गणिताचं इग नोबेल मिळालं. हे बक्षीस आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. हिशोब सोपा आहे. फोटोला उभा राहिलेला माणूस मिनिटाला सुमारे दहा वेळा पापणी लववतो, आणि दर वेळी डोळा पाव सेकंदभर झाकलेला असतो. म्हणजे साठ सेकंदांतले अडीच सेकंद, अर्थात चोविसावा हिस्सा वेळ आपण आंधळे असतो. एकट्याच्या फोटोत हे नडत नाही. पण सतरा जणांची चोविसावी-चोविसावी आंधळेपणं एकत्र केली, तर कोणत्याही एका क्षणी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची शक्यता निम्म्याहूनही किंचित कमी उरते. म्हणजे दर फोटो हा रुपया उडवण्यासारखा झाला. छापा आला तर सगळे जागे, काटा आला तर कोणीतरी झोपलेला.

यावरून त्या दोघांनी व्यवहाराचा नियम दिला. वीसपर्यंत माणसं असतील आणि उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तिनानं भागा, उजेड मंद असेल तर दोनानं भागा. तेवढे फोटो काढा, एक तरी निर्दोष मिळेल. सतराला तिनानं भागलं तर पावणेसहा, म्हणजे सहा. आमच्याजवळ तर नऊ होते. पण इथे आमच्या शेजारच्या पोरानं गणिताला बट्टा लावला. दोन, तीन आणि चार हे फोटो त्यानं काढलेच नव्हते. त्याचं बोट बटणावर राहून गेलं आणि मोबाइलनं एका दमात तीन काढून टाकले. दोन नंबरात वहिनींची पापणी अर्धी उतरलेली, तीन नंबरात पूर्ण मिटलेली, चार नंबरात अर्धी वर चढलेली. एकाच पापणीचे तीन फोटो! वहिनी म्हणाल्या, "तीन-तीनदा कशे डोळे मिटले जी माये?" मी सांगितलं, "एकदाच मिटले वहिनी, मोजले तीनदा." बोट दाबून धरलं की दहा फोटो येतात आणि लोक समजतात आपल्याला दहा संध्या मिळाल्या. मिळालेली असते एकच. रुपया दहा वेळा उडवायचा असेल तर तो मधे खाली पडू द्यावा लागतो. दोन फोटोंच्या मधे चार-पाच सेकंद जाऊ द्यावे, लोकांना हलू द्यावं, मग दुसरा काढावा.

तर तक्त्यातून तीन गळाले. पहिला गळाला कारण त्यात मी तोंड उघडून "आता काढ" म्हणत होतो आणि पोरं बकरीकडे पाहत होती. आठवा गळाला कारण धाकट्या पोराचा हात आत्याच्या तोंडासमोर आला. नववा "झालं" म्हटल्यानंतरचा. त्यात सगळे खरोखर सुंदर हसत होते, पण दादा पाठ करून चालते झाले होते. उरले पाच, सहा आणि सात. आणि मग रणांगण मोकळं झालं.

पाच नंबरात सगळ्यांचे डोळे उघडे. मात्र सगळे पोलीस ठाण्यात ओळख परेडला उभे असल्यासारखे. मोठी आई तेवढी समोर पाहतच नव्हती. खाली बसलेल्या धाकट्यानं तिचा पदर ओढला, म्हणून ती त्याच्याकडे पाहत होती. सहा नंबरात मोठी आई कॅमेऱ्याकडे पाहून हसत होती, उरलेले दोन दात दिसत होते, आणि जवाईबापूंचे डोळे गच्च मिटलेले. सात नंबरात जवाईबापू सिनेमातल्या नटासारखे, पुतणीच्या साडीच्या निऱ्या जागच्या जागी, पुतण्याचे केस वाऱ्यानं नेमके हवे तसे उडालेले, आणि मोठी आईचे डोळे मिटलेले.

इथे एक वकिली मुद्दा निघाला. दादा म्हणाले, "मायचे डोळे मिटले कुठं हायेत? हसून राहिली थे. सहा नंबरातही डोळे बारीकच हायेत." हा मुद्दा मी आदरानं खोडून काढला, कारण मिटलेला डोळा आणि हसरा डोळा हे ओळखता येतात. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं सांगून ठेवलं की ओठ हुकमावर हसतात, पण डोळ्याभोवतीचा स्नायू मनापासून हसल्याशिवाय सहसा हलत नाही. तो हलला की गाल वर चढतो, खालची पापणी वर सरकते, आणि डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचा पंखा उघडतो. डोळा खालून बारीक होतो. पापणी लवते तेव्हा मात्र डोळा वरून झाकला जातो. गाल जागच्या जागी, खालची पापणी सपाट, आणि वरून शटर पडल्यासारखी कातडी. म्हणून फोटो तपासताना डोळ्याकडे नंतर पाहावं, आधी गालाकडे पाहावं. सहा नंबरात मोठी आईचा गाल वर होता. सात नंबरात नव्हता. दादा गालाकडे पाहून गप्प बसले, पण मत बदललं नाही.

मतदान झालं. पोरं वगळून बारा मतं. सात नंबराला नऊ, सहा नंबराला दोन (मी आणि आत्या), पाच नंबराला एक. ते एक मत मामाजींचं. त्यांचा फेटा फक्त पाचातच सरळ होता. नऊ जणांनी सातला मत का दिलं, हे मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. एकानंही "फोटो चांगला आहे" असं सांगितलं नाही. प्रत्येकानं "मी त्यात बरा दिसतो" एवढंच सांगितलं. मोबाइल हातात घेतला की प्रत्येकाची दोन बोटं थेट स्वतःच्या चेहऱ्यावर जात आणि तो चेहरा परातीएवढा करीत. बाकी सोळा जण पडद्याबाहेर!

आणि ज्यासाठी हे चालायचं तो चेहराही त्यांना धड पारखता येत नव्हता. आपण आपलं तोंड जन्मभर आरशात पाहतो, म्हणजे डावं-उजवं उलटं पाहतो. भांग, तीळ, वाकडं हसू, सगळं उलट्या बाजूला. फोटोत ते सुलट येतं आणि आपल्यालाच परकं वाटतं. १९७७ साली अमेरिकेत मीटा, डर्मर आणि नाइट या तिघांनी याचा प्रयोग केला. मुलींचे फोटो काढले आणि दर फोटोची एक सुलटी प्रत, एक आरशातल्यासारखी उलटी प्रत छापली. मुलींना स्वतःची उलटी प्रत जास्त आवडली, त्यांच्या मैत्रिणींना सुलटी. म्हणजे घरातला प्रत्येक जण ज्या चेहऱ्यासाठी भांडतो, तो चेहरा त्या घरात फक्त त्यालाच नीट ओळखीचा नसतो. माझं सरळ म्हणणं आहे की फोटो निवडताना स्वतःच्या चेहऱ्याबद्दल बोलायला बंदी असावी. दुसऱ्याबद्दल बोला. नवऱ्याचा चेहरा बायकोनं पास करावा. (बायकोचा चेहरा नवऱ्यानं पास करावा असं मी म्हणणार होतो, पण सौ. हा लेख वाचणार आहे.)

शिवाय एवढं ताणून पाहायचं कारणच नाही. फ्रेम ठरली होती बारा बाय अठरा इंचांची. अठरा इंचांत आठ माणसं उभी, म्हणजे एकेकाच्या वाट्याला दोन इंच रुंदी आणि चेहरा फार तर एक इंचाचा. तोही भिंतीवर, पाच-सहा फुटांवरून पाहायचा. तिथून ओठाचा कोपरा दिसत नाही, निऱ्या दिसत नाहीत, उडालेले केस तर मुळीच दिसत नाहीत. दिसतं एवढंच की डोळे उघडे आहेत की नाहीत, तोंड समोर आहे की नाही, आणि माणूस आनंदात आहे की नाही. लॅपटॉपवर फुगवलेल्या चेहऱ्यावरून निवड करणं म्हणजे दुर्बिणीतून पाहून सून पसंत करण्यासारखं आहे. पुतणीचा सगळा युक्तिवाद निऱ्यांवर होता. मी तिला मोबाइल हातभर लांब धरून दाखवला आणि निऱ्या शोधायला सांगितल्या. तिनं काकांशी बोलणं सोडलं.

इतकं सगळं मी दोन नंबरच्या आवाजात सांगत होतो. पण वहिनी म्हणून गेल्या, "बुढ्या माणसाचे डोळे मिटले तं मिटले. थ्यांले काय कराचं हाय फोटोचं?" तेव्हा माझा आवाज चढला. कारण नेमकं हेच वाक्य मी या घरात एकदा ऐकलेलं आहे.

१९८४ साल. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. स्टेशनाजवळच्या एका स्टुडिओत आम्ही अकरा जण बैलगाडी आणि मग एसटी करून फोटो काढायला गेलो होतो. मागे पडद्यावर तळं आणि हंस. आमची आजी, म्हणजे बाबांची माय, मधल्या खुर्चीवर. फोटोवाल्यानं दोन फोटो काढले, एक खरा आणि एक "सेफ्टीसाठी". आठ दिवसांनी दोन्हींच्या लहान प्रती आल्या. एकीत आजीचे डोळे उघडे आणि मोठ्या बाबांच्या मिशीचं एक टोक खाली. दुसरीत मिशी ताठ आणि आजीचे डोळे मिटलेले. मोठे बाबा कुटुंबाचे कर्ते. मिशी जिंकली. "मायले काय कराचं हाय फोटोचं?" असं ते म्हणाले, आणि आजीसकट सगळे हसले. मीही हसलो. पहिल्या निगेटिव्हचं काय झालं कोणाला ठाऊक नाही.

१९८९ साली आजी गेली. भिंतीला लावायला फोटो हवा होता. तेव्हा खेड्यातल्या म्हातारीचा फोटो असायला काही कारणच नसे. मतदाराला फोटोचं ओळखपत्र मिळायला सुरुवात झाली ती १९९३ नंतर. आजीचा जन्मातला फोटो तो एकच. तिचा चेहरा निगेटिव्हवर तांदळाच्या दाण्याएवढा, तो फुगवून भिंतीएवढा केला तर नुसते कण उरले. आणि त्या कणांत डोळे मिटलेले. मग एका रंगवणाऱ्याला काम दिलं. त्यानं फोटोवरून चित्र केलं आणि मिटलेल्या जागी उघडे डोळे काढून दिले. छान, टपोरे, काजळ घातल्यासारखे डोळे. आजीचे डोळे बारीक होते, उन्हात धान लावून-लावून आणखी बारीक झालेले. रंगवणाऱ्याचा दोष नाही. न पाहिलेले डोळे तो कुठून आणणार? पण तेव्हापासून आमच्या बैठकीत एक अनोळखी बाई हार घालून बसलेली आहे. बाबा जिवंत असेपर्यंत दर पितृपक्षात हार बदलायचे आणि म्हणायचे, "लुगडं मायचं हाय. बाई कोन हाय कोनास ठावूक."

म्हणून सात नंबरला माझा विरोध होता. मी सर्वांना एक काम लावलं. आपापल्या मोबाइलमधे मोठी आईचे फोटो शोधा. पाच मोबाइल धुंडाळले. जवाईबापूंचे चारशेवर फोटो सापडले, त्यांत नुसत्या मोटारसायकलीवर बसलेले साठ. मोठी आईचे अकरा. त्या अकरांत सहांमधे ती चुलीकडे तोंड करून पाठमोरी, तिघांत ताट वाढणारा हात, एक आधार कार्डाचा (त्यात सगळेच नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसतात), आणि अकरावा बारशातला, त्यात ती बाळाच्या टोपीमागे. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचा, तिच्या माणसांत बसलेला, सरळ पाहून हसणारा फोटो जगात एकच, तो म्हणजे सहा नंबर. जवाईबापूंचे डोळे एका फोटोत मिटले तर उरलेल्या चारशेंत उघडे आहेत. ते कधीही पाहता येतील.

माझा नियम एवढाच आहे, आणि तो मी अजूनही सोडलेला नाही. फ्रेमचा फोटो निवडताना सगळ्यांत कोण चांगला दिसतो ते पाहू नये. ज्याचे फोटो सगळ्यांत कमी आहेत, त्याला आधी पाहावं. बहुतेक घरांत ती सगळ्यांत म्हातारी बाई असते, नाहीतर नेहमी मोबाइल धरून दुसऱ्यांचे फोटो काढणारी सून असते. तिचा चेहरा नीट आलेले फोटो आधी वेगळे काढा आणि उरलेल्यांचं मतदान त्यांच्यात घ्या.

पुण्याच्या पुतण्यानं मधला मार्ग काढला. "काका, सोपं आहे. सहा नंबरातलं मोठ्या आजीचं डोकं सातमधे बसवतो. पाच मिनिटांचं काम." हल्ली हे सगळे करतात. मी कबूल करतो की रंगवणाऱ्यापेक्षा हे बरं. डोळे तरी तिचेच राहतील. पण सहा नंबरात मोठी आई डावीकडे कलून हसत होती, मान वाकडी, खांदा खाली. सातमधे ती ताठ. तिरप्या मानेचं डोकं सरळ खांद्यावर बसवलं की पाहणाऱ्याला चूक सापडत नाही, पण काहीतरी खटकत राहतं. आणि मुख्य म्हणजे सहा नंबरात ती हसत होती ते शेजारचं पोर "बुढी माय, दात दाखव" म्हणालं म्हणून, आणि त्याच वेळी पलीकडची पोरंही हसत होती. सातमधे कोणी काही बोललेलंच नव्हतं. तिथं ते हसू नेऊन बसवायचं म्हणजे भागवत कथेत एकटीनंच खो-खो हसणारी म्हातारी! एका घरात एकदा डोळे उसने आणून झाले आहेत, आता डोकं नको, असं मी म्हटलं.

अबोल्याचा तिसरा दिवस. पाहुण्यांची निघायची तयारी. मोठी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. आत्या सहज म्हणाली, "अवो, तुमी सगळे भांडून राहिले, पन वहिनीले कोनी इचारलं का?"

नव्हतं विचारलं. तीन दिवस मी जिच्या बाजूनं छाती पिटत होतो, तिला मीही विचारलं नव्हतं. एकशे त्रेपन्न चौकोनांत तो चौकोनच नव्हता.

मोबाइल तिच्या हाती दिला. तिनं तो आधी उलटा धरला, मग सुलटा केला, मग पदरानं काच पुसली. मी एकेक फोटो सरकवून दाखवला. सात नंबर आला, ती काही बोलली नाही. सहा नंबर आला. मी वाट पाहत राहिलो. ती म्हणाली, "जवाईबापू झोपले का?" आणि पुढे गेली. पाच नंबरावर थांबली. पुष्कळ वेळ पाहिलं.

"हा लाव."

"पन मोठी आई, याच्यात तू समोर पाहून नाही राहिली. डोळे दिसत नाहीत तुझे. लांबून तर मिटल्यासारखेच दिसतील." मी शास्त्र सांगत होतो. ते खरंही आहे. खाली पाहणाऱ्या माणसाची वरची पापणी उतरलेली असते आणि एक इंचाच्या चेहऱ्यात ती मिटलेलीच वाटते.

"माहे डोळे काय पाहातंस, बाबू? मी कोनाले पाहून राहिली, थे पाहाय ना. नातवाले पाहून राहिली. त्या दुसऱ्यात शेजारच्या पोट्ट्याले पाहून राहिली. थो का आपल्या घरचा हाय?"

सतरा जणांत स्वतःचा चेहरा न पाहता फोटो पाहिला तो तिनं एकटीनं. मामाजी एवढे खूश झाले की फेटा चाचपू लागले. माझ्या नियमानुसार निर्णय झाला होता आणि माझ्याच विरुद्ध झाला होता. मी मान्य केलं. फक्त सहा नंबरातून मोठी आईचा एकटीचा चेहरा कापून आठ बाय दहाचा वेगळा छापून घेतला आणि कपाटात कागदात गुंडाळून ठेवला. तो कशासाठी ते घरात कोणी विचारलं नाही.

पाच नंबर घेऊन मी गोंदियाच्या बाजारात फ्रेमवाल्याकडे गेलो. तिथे शेवटचा धडा मिळाला. मोबाइलचा फोटो चारास तीन या मापाचा, आणि फ्रेम बारा बाय अठराची, म्हणजे तिनास दोन. रुंदी पूर्ण बसवली की उंचीचा नववा हिस्सा बाहेर जातो, आणि वर चौकटीची लाकडी ओठी चारी बाजूंनी पाव-पाव इंच गिळते ते वेगळंच. बारा बाय सोळाची फ्रेम सांगितली असती तर फोटो जसाच्या तसा बसला असता. किंवा काढतानाच डोक्यांवर हातभर जागा सोडायला हवी होती. पण बारा बाय अठराचे पैसे देऊन झाले होते.

"गुरुजी, वरून कापू का खालून?" फ्रेमवाल्यानं विचारलं.

मी फोटो पाहिला. खालून कापलं असतं तर सतरंजीवरचा धाकटा गेला असता, पदर ओढणारा हातही गेला असता, आणि मोठी आई कोणाकडे पाहते आहे ते कोणालाच कळलं नसतं. वर मागच्या रांगेत सगळ्यांत उंच मी. कपाळापासून वरचं सगळं जात होतं.

"वरून काप," मी म्हटलं. "माझे दुसरे पुष्कळ आहेत."